पहिल्या सुराच्या आधीचा अर्धा सेकंद

«सर, माझी मुलगी अमळनेरला शाळेच्या बँडमध्ये साइड ड्रम वाजवते. तिच्यासोबत मोबाइलवर बेथोव्हेनच्या पाचव्या सिंफनीचं वादन पाहिलं. वादक सगळे समोरच्या कागदात बघतात, मग पुढे उभा राहून हात हलवणारा माणूस नेमकं काय करतो? तो नसला तर काही बिघडेल का? शिवाय त्याचा हात आधी खाली येतो आणि आवाज मागाहून येतो, हे आम्हा दोघींनाही दिसलं. तो चुकत होता का?»

ताई, तुमचा शेवटचा प्रश्न सगळ्यात मोलाचा आहे, म्हणून आधी त्याचंच उत्तर देतो. तो चुकत नव्हता. हात आधी आणि आवाज मागून, हेच त्याचं काम. त्याला कंडक्टर म्हणतात. जो सूर वाजतो आहे त्याच्यासाठी कंडक्टर आता काहीच करू शकत नाही, तो सूर गेला. त्याचा हात कायम पुढच्या सुराविषयी बोलत असतो. तुम्ही ज्या सिंफनीचं नाव घेतलंत तिच्या पहिल्या पाच बारमध्ये, म्हणजे कागदावरच्या उभ्या रेघांमधल्या पहिल्या पाच घरांत, हे जितकं स्वच्छ दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं, म्हणून तीच घेऊन सांगतो.

मी आयुष्यभर लष्करी बँडमध्ये होतो. आता निवृत्तीनंतर जळगावात दर रविवारी सकाळी आम्ही वीसेक जण जमतो. बहुतेक व्हायोलिनवाले, दोन चेलो, नाशिकहून महिन्यातून एकदा येणारा एक व्हायोलावाला आणि दोन क्लॅरिनेट. क्लॅरिनेटवाले दोघेही लग्नाच्या बँडमधले आहेत. एवढ्या लोकांत पूर्ण सिंफनी होत नाही, पण तिची सुरुवात होते, कारण सुरुवातीला बेथोव्हेननं फक्त तंतुवाद्यं आणि दोन क्लॅरिनेट एवढंच ठेवलं आहे. बासऱ्या, ओबो, हॉर्न, ट्रम्पेट, नगारे सगळे तेव्हा गप्प बसलेले असतात.

ती सुरुवात सरगममध्ये सांगतो, म्हणजे तुमच्या मुलीला पेटीवर वाजवून बघता येईल. सी हा सा धरा. प प प, मग लांबलेला कोमल ग. पुन्हा म म म, मग लांबलेला रे. बस, एवढंच. व्हिएन्नात २२ डिसेंबर १८०८ ला हे पहिल्यांदा वाजलं आणि आज जगात कुणालाही गुणगुणता येतं. पण वीस जणांनी ते एकत्र सुरू करणं फार अवघड आहे. का, ते कागदावर दिसतं. बार दोन मात्रांचा आहे, आणि पहिल्या बारचा अगदी पहिला ठोका रिकामा आहे. तिथे अर्ध्या मात्रेची विश्रांती लिहिलेली आहे. तीन «प» त्या रिकाम्या जागेनंतर येतात. म्हणजे सगळ्यांना मिळून आधी एक शांतता वाजवायची आहे आणि तिच्यातून बाहेर पडायचं आहे.

त्यात लय किती? बेथोव्हेननं १८१७ साली आपल्या सिंफन्यांचे मेट्रोनोमचे, म्हणजे ठोके मोजून देणाऱ्या यंत्राचे, आकडे छापले, त्यात इथे मिनिटाला १०८ बार असा आकडा आहे. हिशेब केला तर एक बार जेमतेम ०.५६ सेकंदाचा, आणि प्रत्येक «प» साधारण ०.१४ सेकंदाचा. एवढ्या वेगात प्रत्येक मात्रा दाखवायला गेलं तर हात पंख्यासारखा फिरेल आणि कुणाला काही कळणार नाही. म्हणून इथे प्रत्येक बारला एकच ठोका देतात.

आता सुरुवात कशी होते ते बघा. कंडक्टर «एक, दोन, तीन» म्हणत नाही, त्याला बोलायची मुभाच नाही. त्याच्याकडे एकच गोष्ट असते, उठणारा हात. हात वर जातो आणि खाली येतो, या एका हालचालीत वीस जणांना तीन गोष्टी कळाव्या लागतात. ठोका कधी पडणार, किती वेगानं वाजवायचं, आणि किती जोरानं. आपल्याकडे जिनिंगमध्ये चौघे हमाल कापसाची गाठ हलवतात ते आठवा. गाठ १७० किलोची असते. एक जण «हां» करून श्वास ओढतो आणि दुसऱ्या क्षणी चौघांचा जोर एकाच वेळी लागतो. कुणी आकडे मोजलेले नसतात. त्या «हां»च्या लांबीवरूनच बाकीच्यांना कळतं की जोर कधी लावायचा, आणि तो ज्या दमानं ओढला त्यावरून गाठ जड आहे की हलकी तेही कळतं. कंडक्टरचा उठता हात म्हणजे तो «हां». म्हणूनच चांगला कंडक्टर हात उचलताना खरोखर श्वास घेतो. क्लॅरिनेटवाल्यांना तर फुंकायच्या आधी श्वास घ्यावाच लागतो, आणि त्यांचा श्वास त्याच्या श्वासाबरोबर सुरू झाला की ते सुरातही बरोबर येतात.

हे हाताला जमतं कसं? उंच उडालेला झेल घेणाऱ्या पोराला चेंडू कधी हातात पडणार हे आधीच कळतं, कारण चेंडू खाली येताना वेग घेत येतो आणि डोळ्याला त्या वेगाची सवय असते. कंडक्टरचा हात तसाच पडला पाहिजे. वरून सुटावा, खाली येता येता वेग घ्यावा आणि एका ठरावीक बिंदूला जणू अदृश्य टेबलावर आपटून वर उसळावा. तो बिंदू म्हणजे ठोका. हात जर एकसारख्या वेगानं, तेलात फिरल्यासारखा, खाली आला तर बघायला सुंदर वाटतो, पण ठोका नेमका कुठे पडणार हे कुणालाच सांगता येत नाही.

हे मी पुस्तकातून नाही, मार खाऊन शिकलो. जळगावच्या आमच्या पहिल्याच तालमीत मी ही सुरुवात घेतली. मी हात खाली आणला आणि जे ऐकू आलं ते «पपप» नव्हतं, पत्र्यावर खडे सांडावेत तसा आवाज होता. दोन, तीन, चार वेळा केलं, तेच. मी वादकांना सांगत राहिलो की नीट मोजा. शेवटी क्लॅरिनेटवाल्यांमधले थोरले काका म्हणाले, «सर, तुमना हात कोठे पडस, तेच समजत नही.» त्यांचं अगदी खरं होतं. बँडच्या मार्चमध्ये पायाचा ठेका आधीपासून चालू असतो, तिथे माझा हात गोल फिरला तरी चालून गेलं होतं. इथे हाताशिवाय दुसरा ठेकाच नव्हता. घरी जाऊन मी आरशासमोर नुसता उठता-पडता हात घोटला. पुढच्या रविवारी हात लहान केला, मनगट मऊ ठेवलं पण शेवटचा चार बोटांचा प्रवास झटक्याचा केला. दुसऱ्याच प्रयत्नात सगळे एकत्र आले.

एकत्र आले, पण एक चूक राहिली, आणि ती मोठमोठ्या वाद्यवृंदांतही ऐकू येते. तीन «प» हे तिय्यासारखे वाजू लागले. म्हणजे रिकामी जागा सगळ्यांनी गिळून टाकली आणि तीन सूर अख्ख्या ठोक्यात समान पसरले. ऐकताना ते «त त त ता» असं डुलत चालल्यासारखं वाटतं. खरं असायला हवं «(हं) त त त ता». ओळखायची खूण अशी की पहिला «प» जड वाटला तर जागा गिळली आहे. सगळा भार चौथ्या, लांबलेल्या सुरावर पडला पाहिजे. यावर उपाय हातातच असतो. ठोका रिकाम्या जागेवर टणकन आपटायचा आणि तीन «प» त्याच्या उसळीतून बाहेर पडू द्यायचे. मी वादकांना तोंडानं तो «हं» म्हणायला लावला, दहा वेळा, वाद्य मांडीवर ठेवून. मग वाजवलं. फरक तेव्हाच कळला.

आता ठोक्यांच्या आकृत्यांविषयी, कारण तुमच्या मुलीला त्या शिकवल्या जातील. दोनच्या तालात हात खाली आणि वर. तीनमध्ये खाली, बाहेर उजवीकडे, वर. चारमध्ये खाली, आत डावीकडे, बाहेर उजवीकडे, वर. पहिला ठोका नेहमी खाली आणि शेवटचा नेहमी वर, म्हणजे कागदात बघत बसलेला वादक डोळ्याच्या कोपऱ्यातूनही ओळखतो की बारचा पहिला ठोका आला. आपल्याकडे तबलजी समेवर येतो आणि ऐकणारे टाळी-खालीनं हात दाखवतात, तसंच हे वाटेल, पण एक फरक आहे. टाळी हा ठोका पडल्याचा पुरावा असतो. कंडक्टरची आकृती ठोका येतो आहे याची खबर असते. म्हणून आकृतीत महत्त्व बिंदूंना कमी आणि दोन बिंदूंमधल्या वाटेला जास्त. त्या वाटेवर हात जड आहे की हलका, सरळ जातो की वळसा घेतो, यातून पुढचा सूर तुटक की जोडलेला ते ठरतं. आकृत्या पाठ करायला एक दुपार पुरते. वाट शिकायला वर्षं जातात.

परत आपल्या सुरांकडे. लांबलेल्या कोमल ग वर एक खूण असते, वर कमान आणि खाली टिंब. तिला फर्माटा म्हणतात. अर्थ असा की इथे मोजणं थांबलं, कंडक्टर सांगेल तोवर धरा. इथे नवख्या माणसाचा हात हवेत थिजतो आणि त्याबरोबर आवाजही मरतो, कारण व्हायोलिनच्या बोला, म्हणजे गजाला, शेवट असतो. हात अगदी हळू पुढे सरकत राहिला तर वादक बो जपून वापरतात आणि सूर भरलेला राहतो. मग तो सोडायचा कसा? मनगटाचा एक छोटा वळसा घेऊन. गंमत अशी की सोडण्याचा हा वळसाच «म म म»चा उठता हात होऊ शकतो. सोडलं, श्वास घेतला आणि पुन्हा पडलो, सगळं एका हालचालीत. दुसऱ्या लांब सुरात, «रे»मध्ये, एक बार जास्त आहे. रे दोन बार जोडून लिहिलेला आहे आणि फर्माटा त्यातल्या दुसऱ्यावर आहे. म्हणून तिथे हातानं दुसऱ्या बारचा छोटा ठोका दाखवावा लागतो, नाहीतर निम्मे वादक अजून आधीच्या बारमध्येच आहेत असं समजून बसतात आणि पुढच्या जागी चुकतात.

आणि पुढची जागाच खरी परीक्षेची आहे. इथवर सगळे पूर्ण जोरात वाजवत होते. व्हायोलिनवाल्यांचे पहिले आणि दुसरे असे दोन गट असतात. आता सहाव्या बारमध्ये फक्त दुसरे व्हायोलिनवाले, आणि तेही हळू आवाजात, तेच तीन सूर घेतात. त्याच्या पुढच्या बारला व्हायोला, त्याच्याही पुढच्याला पहिले व्हायोलिन. चेंडू हातोहात जावा तसं. अर्ध्या-अर्ध्या सेकंदाच्या अंतरानं तीन गट येतात आणि प्रत्येकाच्या वाट्याला रिकामी जागा धरून तीन सूर. कंडक्टरनं मोठ्या जोरातला हात सोडून लगेच तळहाताएवढा हात करायचा असतो. हात मोठा राहिला तर दुसरे व्हायोलिन जोरातच येतात, कितीही ठळक «हळू» लिहिलेलं असो. वादकाचा डोळा कागदावर असतो, पण हाताचा आकार त्याच्या खांद्यात उतरतो.

इथे इशारा येतो, ज्याला आम्ही क्यू म्हणतो. लोकांना वाटतं क्यू म्हणजे बोट दाखवणं. खरा क्यू म्हणजे आधी नजर. मी «रे» धरून ठेवलेला असतानाच दुसऱ्या व्हायोलिनच्या पहिल्या बाकाकडे बघतो, आणि त्यानं माझ्याकडे बघितलं की मगच हात सोडतो. त्यांनी वाजवायला सुरुवात करण्याच्या आधीच माझी नजर व्हायोलावर गेलेली असते, हातानं फक्त ठोका चालू असतो. जो वाजवायला लागला त्याच्याकडे बघत बसणं ही माझ्यासारख्याची सवयीची चूक होती. त्याला आता माझी गरज नाही, गरज आहे ती पुढच्याला.

काही वादकांसाठी तर क्यू फार मोठा आधार असतो. दवोर्झाकच्या «न्यू वर्ल्ड» सिंफनीत, जी न्यूयॉर्कमध्ये १६ डिसेंबर १८९३ ला पहिल्यांदा वाजली, झांजेचा पूर्ण सिंफनीत एकच ठोका आहे, शेवटच्या भागात. तो झांजवाला अर्धा तास बसतो आणि एका ठोक्यासाठी उठतो. त्यानं मोजलेलं असतंच, पण कंडक्टरची नजर दोन बार आधी त्याच्यावर पडली की त्याच्या मनातली शंका मिटते. तुमची मुलगी ड्रमवर आहे, तिला हे पटेल. मागे बसणाऱ्यांची आणखी एक अडचण असते. वाद्यवृंदाच्या पुढच्या रांगेपासून मागची रांग दहा-बारा मीटरवर असेल तर आवाजाला तिथे पोचायला सेकंदाचा तिसावा भाग लागतो. मागच्यानं पुढच्यांचं ऐकून वाजवलं आणि त्याचा आवाज पुन्हा पुढे आला, तर तो दुप्पट उशिरा पोचतो. म्हणून ड्रमवाल्यानं हात बघून वाजवायचं, कानाच्या थोडं पुढे राहून.

आवाज घडवणं म्हणून जे म्हणतात ते बहुतांश तालमीत होतं, रंगमंचावर नाही. आमचंच उदाहरण देतो. क्लॅरिनेट आणि व्हायोलिन दोघांच्याही कागदावर एकच खूण आहे, पूर्ण जोर. पण वरातीत, मोकळ्या रस्त्यावर, ताशा आणि फटाक्यांवर मात करत फुंकायची सवय असलेल्या दोघांचा पूर्ण जोर म्हणजे आमच्या सगळ्या तंतुवाद्यांवर पडदा. ऐकायला ती क्लॅरिनेटची धून वाटायची आणि खाली कुठेतरी घासल्याचा आवाज यायचा. मी डावा तळवा त्यांच्याकडे करून खूप दाबून पाहिला. उपयोग नाही. ते घाबरून इतके बारीक व्हायचे की धार जायची. मग एक रविवार मी त्यांना एवढंच सांगितलं की तुमच्या मागे बसलेला चेलो तुम्हाला ऐकू येईल इतकंच फुंका. हातानं सांगायचं काम मी त्यांच्या कानाकडे दिलं. लांब सुरावर दोन्ही आवाज एकमेकांत मिसळले आणि लाकडी, गडद रंग आला, जो बेथोव्हेननं बहुधा त्यासाठीच क्लॅरिनेट तिथे ठेवून मागितला आहे.

तंतुवाद्यांचंही तसंच. जोर हवा म्हणून सगळे बो दाबतात आणि आवाज करकरतो. आम्ही ठरवलं की पहिला «प» बो वर ढकलत घ्यायचा. तीन सुरांत वर, खाली, वर असं होतं आणि लांबलेला सूर आपोआप खाली ओढत येतो, बोच्या हातात धरलेल्या जड टोकापासून. भार हवा तिथे भार न लावता आला. आणि लांब सूर कितीही लांबला तरी पोकळ पडू नये म्हणून शेजारच्यांनी बो एकाच वेळी बदलायचा नाही, हे ठरवलं. ऐकणाऱ्याला सांधा कळतच नाही. हे सगळं ठरलेलं असतं, म्हणून रंगमंचावर हाताला फक्त आठवण द्यावी लागते.

आता तुम्ही दोघींनी बघितलेला उशीर. हात पडला आणि आवाज जरा मागून आला, कारण वादक हाताचा बिंदू बघतात, बो तारेवर पकड घेते आणि मग सूर उमटतो. मोठ्या वाद्यवृंदांना हा उशीर सवयीचा असतो आणि सगळे मिळून एकसारखाच उशीर करतात, म्हणून ते एकत्र वाटतात. धोका वेगळाच आहे. नवखा कंडक्टर आवाजाची वाट बघू लागतो. आवाज येईपर्यंत हात थांबवतो, मग वादक त्या थांबलेल्या हाताची वाट बघतात, आणि लय खड्ड्यातल्या बैलगाडीसारखी रुतत जाते. आमच्या तालमीत मिनिटाला १०८ नं सुरू केलेलं दोन पानांत ९०च्या आसपास उतरलेलं मी मेट्रोनोमवर पकडलं आहे. कान मागचं ऐकतोय आणि हात पुढे चालतोय, हे दोन्ही एका वेळी साधावं लागतं.

तो नसला तर बिघडेल का? लहान गटात नाही बिघडणार. न्यूयॉर्कचा ऑर्फियस चेंबर ऑर्केस्ट्रा १९७२ पासून कंडक्टरशिवाय वाजवतो. पण तिथे तालमी जास्त लागतात, कारण लांब सूर किती धरायचा, कुणी आधी हलायचं हे सगळं आपापसांत बोलून ठरवावं लागतं, आणि पुढच्या बाकाचा वादक मान आणि बो हलवून तेच काम करतो. माणसं साठ-सत्तरच्या घरात गेली, निम्म्यांना निम्मे दिसेनासे झाले, की एका जागी सगळ्यांना दिसणारा एक उठता हात हवाच.

मुलीला एक करून बघायला सांगा. तुम्ही दोघी आणि घरातला आणखी कुणी, असे तिघे. ती मधे उभी राहील, काही न बोलता, न मोजता फक्त एक हात उचलून खाली आणेल, आणि तुम्ही दोघांनी ठोक्यावर एकच टाळी वाजवायची. दोन टाळ्या ऐकू आल्या तर तिचा हात अजून गोल फिरतोय. एक ऐकू आली की पुढचं करायचं. ठोक्यावर टाळी नाही, ठोक्यानंतर तीन भराभर टाळ्या आणि चौथी लांब, म्हणजे हात धरून ठेवलेली. पहिल्या टाळीवर जोर पडला तर रिकामी जागा गिळली आहे, आणि ठोका आणखी टणक हवा.